ताळा जमला, पण कशाचा?

शंकेखोर : टप्प्याटप्प्यांच्या समीकरणांवरून एन्थाल्पीतला बदल काढला की उत्तराचा ताळा कसा पाहायचा, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो. उलटवलेली, गुणलेली समीकरणं एकाखाली एक मांडा, दोन्ही बाजूंना सारखे आलेले पदार्थ खोडा आणि खाली उरलेलं समीकरण हवं तेच आहे का ते बघा. ते जमलं की उत्तर बरोबर. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. ॲसिटिलीनचंच उदाहरण घेऊ. ग्रॅफाइट आणि हायड्रोजन यांच्यापासून ॲसिटिलीन बनताना होणारा एन्थाल्पी बदल सरळ मोजता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ बर्तलोनं १८६२ मध्ये हायड्रोजन वायूत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रज्योत पेटवून ॲसिटिलीन वायू बनवून दाखवला खरा, पण त्या झगमगाटात किती उष्णता विजेची आणि किती अभिक्रियेची, हे कोण वेगळं करणार? म्हणून तीन ज्वलनं मोजायची आणि त्यांतून वाट काढायची.

(१) C(ग्रॅफाइट) + O₂(g) → CO₂(g), ΔH = −३९३.५ किलोज्यूल
(२) H₂(g) + ½O₂(g) → H₂O(l), ΔH = −२८५.८ किलोज्यूल
(३) 2C₂H₂(g) + 5O₂(g) → 4CO₂(g) + 2H₂O(l), ΔH = −२५९८.८ किलोज्यूल

हवं आहे ते असं : 2C(ग्रॅफाइट) + H₂(g) → C₂H₂(g). तेव्हा पहिलं समीकरण दुप्पट करायचं, दुसरं तसंच ठेवायचं, तिसरं उलटवून निम्मं करायचं. आता समजा एखाद्यानं तिसरं समीकरण उलटवलं, निम्मंही केलं, पण ΔH च्या रकान्यात नुसतं चिन्ह बदलून +२५९८.८ लिहिलं. त्याचं उत्तर येईल +१५२६.०. दुसऱ्या एकानं आकडा निम्मा केला पण चिन्ह बदललं नाही, त्याचं येईल −२३७२.२. दोघांच्याही वह्यांत पदार्थांची खोडाखोड अगदी निर्दोष आहे. मग खोडाखोडीनं तपासलं काय?

हिशेबी : समीकरणं तपासली, आकडे नाही. हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून ती कृती निरुपयोगी ठरत नाही. गुणक ठरतात कसे ते पाहा. ग्रॅफाइट फक्त पहिल्या समीकरणात आहे, आणि हव्या असलेल्या समीकरणात तो डावीकडे दोन मोल आहे, म्हणून पहिल्याचा गुणक २ असलाच पाहिजे, दुसरा पर्यायच नाही. हायड्रोजन फक्त दुसऱ्यात आहे, म्हणून तिथे १. ॲसिटिलीन फक्त तिसऱ्यात आहे, तेही डावीकडे दोन मोल, आणि आपल्याला हवं उजवीकडे एक, म्हणून −½. तीन पदार्थांनी तीन गुणक बांधून टाकले. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी हे उरलेले तिघे गुणक ठरवताना आपण विचारातही घेतले नव्हते, आणि तरीही ते नाहीसे होतात. ऑक्सिजनचा हिशेब २ अधिक ½ वजा २½, म्हणजे शून्य. न वापरलेल्या माहितीनं दिलेली साक्ष आहे ती.

तुमच्या दोन्ही चुकांचं मूळ मला वेगळीकडे दिसतं. उलटवणं आणि गुणणं या दोन निराळ्या कृती म्हणून शिकवल्या जातात, आणि दोन कृती असल्या की त्यांतली एक विसरायला जागा मिळते. खरं तर उलटवणं म्हणजे −१ ने गुणणं. तिसऱ्या समीकरणासाठी −½ हा एकच आकडा समासात लिहावा आणि त्यानं संपूर्ण ओळ गुणावी, बाणाच्या दोन्ही बाजू आणि ΔH सुद्धा. −½ गुणिले −२५९८.८ म्हणजे +१२९९.४. मग २ गुणिले −३९३.५ म्हणजे −७८७.०, त्यात −२८५.८ मिळवून −१०७२.८, आणि त्यात +१२९९.४ मिळवून +२२६.६ किलोज्यूल. चिन्ह आणि पट एकाच आकड्यात बसले की एक पाळलं आणि दुसरं राहिलं, असं होण्याचा संभव फार कमी होतो.

शंकेखोर : कमी होतो, पण ही खबरदारी झाली, पडताळणी नव्हे. चूक होऊ नये म्हणून काय करावं, हे तुम्ही सांगितलंत. झाली असेल तर कळणार कसं, हा प्रश्न तसाच आहे. आणि त्या तिघा साक्षीदारांबद्दलही मला शंका आहे. ते तुम्हाला वाटतात तितके स्वतंत्र नाहीत. दिलेली तिन्ही समीकरणं संतुलित आहेत. हवं असलेलं समीकरणही संतुलित आहे. गुणक बरोबर लावून बेरीज केली आणि त्यातून हवं असलेलं समीकरण वजा केलं, तर उरेल फक्त काही कार्बन डायऑक्साइड, काही पाणी, काही ऑक्सिजन, आणि हा उरलेला भागही संतुलितच असणार. पण या तिघांत कार्बन फक्त CO₂ मध्ये आहे. कार्बनचे अणू जमायचे तर CO₂ शून्यच हवा. हायड्रोजन फक्त पाण्यात आहे, म्हणून पाणीही शून्य. मग ऑक्सिजनला कुणाशी जमवून घ्यायलाच कुणी उरत नाही. म्हणजे ते तिघे नाहीसे होणार हे अणूंच्या हिशेबानं आधीच ठरलेलं होतं. जे घडणारच होतं, त्याला साक्ष कशी म्हणायची?

हिशेबी : हा मुद्दा पुस्तकांत क्वचितच सापडतो, आणि तो बरोबर आहे. पण त्याचा अर्थ मी उलटा लावीन. सगळं ठीक असेल तर ते तिघे जाणारच, म्हणूनच त्यांतला एखादा राहिला तर काहीतरी नक्की बिघडलं आहे. बिघडण्याच्या जागाही मग मोजक्याच उरतात : गुणक चुकला, किंवा दिलेलं समीकरण उतरवून घेताना चुकलं. ½O₂ राहून गेला तर CO₂ च्या गुणकात काहीतरी झालं की पाण्याच्या, हे सुद्धा शोधता येतं. म्हणजे या तपासाचं यश फारसं काही सांगत नाही, पण त्याचं अपयश बरंच सांगतं.

शिवाय तुमच्या युक्तिवादात एक फट आहे, आणि खोडाखोडीची खरी किंमत त्याच फटीत आहे. अणूंच्या हिशेबाला पदार्थाची अवस्था दिसत नाही. समजा प्रश्नात दुसरं समीकरण द्रव पाण्याचं नसून वाफेचं आहे, H₂O(g), आणि ΔH −२४१.८ दिला आहे. अणू मोजणाऱ्याला तेही पाणी आणि हेही पाणी. तो दोन्ही खोडेल आणि +२७०.६ असं उत्तर काढून मोकळा होईल. पण अवस्था लिहून खोडणाऱ्याला दिसेल, की उजवीकडे H₂O(g) उरलं आणि डावीकडे H₂O(l), आणि ही दोन एकमेकांना काटत नाहीत. तेव्हा त्याला चौथं समीकरण लागेल. वाफ द्रवात जाताना ΔH −४४.० किलोज्यूल, तेवढे मिळवले की उत्तर पुन्हा +२२६.६. अणूंची बेरीज करून जे कधीच सापडलं नसतं, ते कंसातल्या एका अक्षरानं दाखवलं. माझं मत असं, की अवस्था न लिहिता केलेली खोडाखोड ही तुम्ही म्हणता तशी पोकळ आहे, आणि अवस्था लिहून केलेली तशी नाही.

शंकेखोर : ही दुरुस्ती मी स्वीकारतो, आणि तिला तुमच्यापेक्षा कठीण उदाहरण देतो. पहिल्या समीकरणात ग्रॅफाइटऐवजी हिरा असता तर? हिऱ्याच्या ज्वलनाचा बदल −३९५.४, फरक जेमतेम दोन किलोज्यूलचा. उत्तर येतं +२२२.८. वाफेची चूक ४४ नं ढळते, ती कदाचित कुणाच्या नजरेत भरेल. ही भरणार नाही. आणि तरीही हे उत्तर एका अर्थी चूकसुद्धा नाही : हिऱ्यापासून ॲसिटिलीन बनवण्याचं ते बरोबर उत्तर आहे, फक्त प्रश्न तो नव्हता. तसंच +४५३.२ हे. कुणी अपूर्णांक टाळायला पहिल्याला ४ नं, दुसऱ्याला २ नं गुणलं, तिसरं नुसतं उलटवलं, आणि शेवटी निम्मं करायचं विसरला, तर दोन मोल ॲसिटिलीनचं अचूक उत्तर त्याच्या हातात आहे. बहुपर्यायी परीक्षेत हा आकडा पर्याय म्हणून ठेवणं पेपर काढणाऱ्याला सोपं, आणि मुलाला आपलंच उत्तर समोर छापलेलं पाहून केवढा धीर येतो! पण हे सगळं अजून समीकरणांच्या बाजूचं झालं. ΔH चा रकाना कोण तपासणार?

हिशेबी : त्यासाठी उलटा प्रवास करायचा. आलेलं +२२६.६ हे ॲसिटिलीनच्या निर्मितीचं मूल्य मानायचं आणि त्यावरून दिलेल्यांपैकी सर्वांत गुंतागुंतीचं समीकरण, म्हणजे तिसरं, नव्यानं काढायचं. या वेळी समीकरणं उलटवायची नाहीत, काही खोडायचं नाही. उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज करायची आणि तीतून अभिकारकांची वजा करायची. चार CO₂ चे −१५७४.०, दोन पाण्याचे −५७१.६, मिळून −२१४५.६. त्यातून दोन ॲसिटिलीनचे ४५३.२ वजा केले की −२५९८.८. ऑक्सिजन मूलद्रव्य आहे, त्याचं शून्य. आकडा जसाच्या तसा परत आला. तुमच्या +१५२६.० वाल्याला हाच हिशेब करायला सांगा, त्याला −५१९७.६ मिळेल आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडेल.

शंकेखोर : आणि −२३७२.२ वाल्याला काय मिळेल? करून पाहा. −२१४५.६ अधिक ४७४४.४, म्हणजे +२५९८.८. अंक तेच, फक्त चिन्ह उलटं! हा योगायोग नाही. तिसऱ्याचं चिन्ह न बदलल्यामुळे झालेली चूक उलट्या हिशेबात नेमकी अशीच उमटते. घाईत असलेला माणूस पाचही अंक जुळलेले पाहतो आणि वही मिटतो. ज्याची चिन्हाकडे पाहण्याची सवय पहिल्या वेळी सुटली, त्याची दुसऱ्या वेळी टिकेल असं धरून चालणं मला धाडसाचं वाटतं.

पण माझी मुख्य हरकत याहून खोल आहे. तुमचा उलटा प्रवास त्याच तीन आकड्यांवर चालतो. समजा उतरवून घेताना २५९८.८ चे २५८९.८ झाले, दोन अंकांची अदलाबदल, रोज होणारी गोष्ट. निम्मे १२९४.९, उत्तर +२२२.१. आता तुमचा ताळा : −२१४५.६ वजा ४४४.२, बरोबर −२५८९.८. सुंदर जमला! चुकीचा आकडा आत गेला, चुकीचाच बाहेर आला, आणि दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला. ही पडताळणी फक्त एवढंच सांगते की तुमचं गणित स्वतःशी भांडत नाही.

हिशेबी : स्वतःशी न भांडणं ही अगदीच लहान गोष्ट नाही, पण तेवढ्यावर थांबता येत नाही हे कबूल. मग बाहेरची माहिती आणू. बंधांच्या सरासरी एन्थाल्पी या ज्वलनाच्या आकड्यांहून वेगळ्या वाटेनं येतात. दोन मोल ग्रॅफाइटचे सुटे अणू करायला १४३३, एक मोल हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६, खर्च १८६९. ॲसिटिलीनमधला तिहेरी कार्बन-कार्बन बंध ८३९ आणि दोन कार्बन-हायड्रोजन बंध प्रत्येकी ४१३, जमा १६६५. फरक +२०४. हा अंदाज आहे, कारण हे बंध अनेक रेणूंवर काढलेल्या सरासरीचे आहेत. पण चिन्ह धन आहे आणि आकडा दोनशेच्या आसपास आहे. १५२६ आणि −२३७२ या एका फटक्यात बाद होतात. पहिलं समीकरण दुप्पट करायला विसरलेल्याचे +६२०.१ सुद्धा.

शंकेखोर : आणि २२२.१, २२२.८ ऐटीत आत येतात. वाफेचे २७०.६ सुद्धा बहुधा, कारण सरासरी बंधांच्या अंदाजात काही दशकांची चूक चालवून घ्यावी लागते. ढोबळ चाळणीतून बारीक खडे निसटणारच. पण त्याहून मला धास्ती वाटते ती अंदाजाच्या दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे ‘हे उत्तर पटतं का बघ’ या सल्ल्याची. पाण्याची निर्मिती एन्थाल्पी ऋण, कार्बन डायऑक्साइडची ऋण, मिथेनची −७४.८, तीही ऋण. इतकी उदाहरणं पाहिलेल्या मुलाला +२२६.६ पटणारच नाही. तो म्हणेल, कुठंतरी चिन्ह चुकलं, आणि बरोबर उत्तर खोडून चूक लिहील. मग या अनुभवानं सुधारलं काय?

हिशेबी : अपुऱ्या अनुभवानं बिघडवलं, असं म्हणा. उपाय अनुभव सोडण्याचा नाही, त्याच पदार्थाचा अनुभव शोधण्याचा आहे. निर्मितीला उष्णता लागते याचा अर्थ असा, की ॲसिटिलीनचं पुन्हा कार्बन आणि हायड्रोजन होताना तेवढीच उष्णता बाहेर पडणार, आणि तीही ऑक्सिजनशिवाय. गॅस वेल्डिंग करणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट पक्की रुजलेली आहे. ऑक्सिजनचा सिलेंडर आतून पोकळ असतो, ॲसिटिलीनचा नसतो. त्यात सच्छिद्र भर ठासून भरलेला असतो, त्या भरात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि वायू त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो. कारण मोकळा दाबून भरला तर तो हवेचा अंशही नसताना विघटन पावून फुटू शकतो. तो सिलेंडर तसा बनवावा लागतो, ही गोष्टच धन चिन्हाच्या बाजूनं बोलते. इथे ज्वलनाच्या आकड्यांचा काही संबंध नाही. मिथेनवरून ॲसिटिलीनचं चिन्ह ठरवणं आणि ॲसिटिलीनच्याच वागण्यावरून ते ठरवणं, या दोहोंत फरक आहे.

शंकेखोर : चिन्हापुरता मी माघार घेतो. पण त्या सिलेंडरला २२६.६ आणि २२२.१ यांतला फरक कळत नाही. दिलेला आकडाच बरोबर आहे का, हे तपासणारं काही आहे का तुमच्याकडे?

हिशेबी : एकच गोष्ट आहे : गरजेपेक्षा एक समीकरण जास्त असणं. तीन गुणक ठरवायला तीन समीकरणं पुरतात, आणि जेमतेम पुरतात म्हणूनच ती एकमेकांची झडती घेऊ शकत नाहीत. चौथी माहिती आली की दोन वाटा होतात. उदाहरणार्थ, कार्बन मोनॉक्साइड. ग्रॅफाइटपासून CO बनताना −११०.५, आणि CO जळून CO₂ होताना −२८३.०. बेरीज −३९३.५. पहिलं समीकरण दुसऱ्या वाटेनंही तितकंच आलं. ते उतरवताना ३९५.३ झालं असतं, तर इथे पकडलं गेलं असतं. आणि हे काही मी शोधलेलं नाही, समीकरणं अशी जोडण्याचा नियम ज्याच्या नावानं ओळखला जातो त्या हेसचं मूळ काम याच जातीचं आहे. १८४० मध्ये, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मांडला जाण्यापूर्वी, त्यानं सेंट पीटर्सबर्गमध्ये सल्फ्युरिक आम्लात कमीजास्त पाणी घालून ते अमोनियानं उदासीन केलं. पाणी जास्त घातलं की विरघळतानाची उष्णता वाढे आणि उदासीनीकरणाची तेवढी घटे, बेरीज तीच राही. म्हणजे आज आपण ज्या नियमानं एका वाटेचं उत्तर काढतो, तो नियम सापडला तो अनेक वाटांची उत्तरं जुळवून पाहताना.

शंकेखोर : हे मला आवडलं, आणि म्हणूनच त्यातली अडचण अधिक बोचते. तुमच्या CO च्या वाटेनं फक्त पहिलं समीकरण तपासलं. बिघाड तर तिसऱ्यात होता, आणि ॲसिटिलीन फक्त तिसऱ्यातच आहे. त्याची दुसरी वाट काढायची तर ॲसिटिलीनचंच आणखी एखादं मोजमाप हवं, जसं त्याला हायड्रोजन देऊन एथेन करतानाचं, आणि मग एथेनच्या ज्वलनाचं. प्रश्नपत्रिका ते देत नाही. ती नेमकी पुरतील इतकीच समीकरणं देते, कारण जास्त दिली तर प्रश्न संदिग्ध झाला अशी तक्रार येईल. म्हणजे ज्याला खरी पडताळणी म्हणता येईल, ती प्रश्नाच्या रचनेतच कापून टाकलेली आहे.

दुसरं असं, की वाटा दोन असल्या तरी त्या तंतोतंत जुळतील का? उत्तर २२६.६ हे १२९९.४ आणि १०७२.८ या मोठ्या आकड्यांचा फरक आहे. ज्वलनाच्या मोजमापात हजारात एक भाग चूक झाली तर ती १.३ किलोज्यूल, आणि उत्तरात ती अर्ध्या टक्क्याहून मोठी होते. प्रमाण मानल्या जाणाऱ्या कोष्टकांतही ॲसिटिलीनचा आकडा कुठं २२६.७ आहे, कुठं २२७.४. मग दुसरी वाट २२७.४ वर पोचली, तर ती माझ्या २२६.६ ची चूक दाखवते आहे, की मोजमापाची धूसरता?

हिशेबी : एका वाटेच्या भरवशावर ते सांगता येणार नाही, दोनच्याही नाही. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत उष्मारसायनाची कोष्टकं आता जाळ्यासारखी बांधली जातात. त्यात एकेका पदार्थाकडे येणाऱ्या अनेक मोजमापांच्या वाटा एकदम सोडवतात, प्रत्येक मोजमापाला त्याच्या अनिश्चिततेनुसार वजन देतात, आणि जे मोजमाप बाकीच्यांशी न पटणारं निघेल त्याचं वजन कमी करतात. तिथे ‘हे समीकरण बरोबर’ असं कुणी म्हणत नाही, ‘बाकी सगळ्यांशी इतपत पटतं’ असं म्हणतात. वहीतल्या तीन ओळींवर ती यंत्रणा चालवता येत नाही, हे खरं. म्हणून मी उत्तर लिहिताना त्याचे तुकडे करीन. गुणक आणि अवस्था यांची खात्री मी देतो, ΔH गुणण्याची खात्री उलट्या हिशेबानं देतो, चिन्हाची सिलेंडरवरून देतो. तिसऱ्या समीकरणाच्या आकड्याची मात्र देत नाही, तो ज्यानं दिला त्याच्या नावावर राहू द्या.

शंकेखोर : आणि परीक्षकानं विचारलं, तुमचं उत्तर तपासलंत का, तर हो म्हणाल?

हिशेबी : कुठपर्यंत, ते त्यानं विचारलं तर सांगीन.

शंकेखोर : तो विचारणार नाही. त्याच्या उत्तरसूचीतही तीच तीन समीकरणं आहेत.